भूपात देशकार शिरला असं लिहिलं, आता पुरावा मागताहेत

मांडवीकाठची
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून संगीत समीक्षेचा एक अभ्यासक्रम करतेय. पहिलंच मोठं काम दिलं ते असं: प्रत्यक्ष ऐकलेल्या एका मैफलीवर आठशे शब्द. गेल्या महिन्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या उत्सवात, सभामंडपात बसून ख्याल ऐकला होता. आधी भूप, मग एक नाट्यगीत, शेवटी भैरवी. गायिका तरुण, जयपूर अत्रौली घराण्याची तालीम. लिहून दिलं. परत आलं तेव्हा कागदावर माझ्या अक्षरापेक्षा तांबडी शाई जास्त. मुख्य परिच्छेद इथे देते, हसलात तरी चालेल:

"विलंबित तीनतालात भूपाची सुरुवात अत्यंत आश्वासक झाली. स्वर लावण्याची पद्धत मोहक होती. मात्र मध्यावर भूपात देशकार डोकावू लागला आणि रागाची शुद्धता भंगली. द्रुत बंदिशीत लय गायिकेच्या आवाक्याबाहेर गेली. तरीही तिच्या तयारीने रसिक मंत्रमुग्ध झाले."

'आश्वासक'च्या खाली शेरा: कशावरून? देशकारापाशी: तुम्ही नेमकं काय ऐकलंत? शेवटच्या वाक्यापाशी: रसिकांचं सोडा, तुमचं काय झालं? आणि तळाला: वर्णन थोडं, निवाडा फार, पुरावा शून्य.

आता मला सांगा, गाण्यात पुरावा म्हणजे काय हो? रेकॉर्डिंग नाही, असतं तरी वाचकाला ऐकवणार कसं? क्रिकेटसारखा धावफलक तर नसतो. दहा दिवसांत पुन्हा लिहून द्यायचंय.

दुधपोहे
'मंत्रमुग्ध' या शब्दावर पाच वर्षं बंदी घालावी. सोबत 'स्वरांची बरसात' आणि 'टाळ्यांच्या कडकडाटात' हेही आत टाकावेत.

समितीवाला
छान विषय काढलात. आमच्या देवळातही पालखीनंतर गायन असतं, दरवर्षी बातमी मीच लिहितो. आठशे शब्द कोण छापणार? दीडशेत बसवायची. समई प्रज्वलन, अध्यक्षांचं नाव, साथसंगत, आभार. गाणं कसं झालं ते एका ओळीत, 'बहारदार'. फोटो मात्र समईचाच द्यावा, गाताना तोंड उघडलेला फोटो आला की कलाकार रागावतात.

दुधपोहे
समितीदादा, त्या समीक्षा लिहिताहेत, बातमी नव्हे :)

समितीवाला
हो का. मग त्यात अध्यक्षांचं नाव नको?

तिरकिट
धागाकर्तीला. मी तबला वाजवतो, बरीच वर्षं साथ केली, मधली काही वर्षं एका दैनिकात मैफलींवर लिहिलंही. देशकाराचं मग बघू, आधी द्रुत घेतो, कारण तिथे पुरावा हाताशी असतो आणि लोक तो उचलतच नाहीत.

'लय आवाक्याबाहेर गेली' हा निवाडा झाला. तो करताना तुमच्या कानाला काहीतरी दिसलं असणार. काय? तानेतले स्वर एकमेकांत मिसळून नुसता घरंगळल्यासारखा आवाज आला? सम चुकली? ताना आखूड आखूड होत गेल्या? की तबलजीनं लय हळूच खाली घेतली? चौघांचा अर्थ वेगळा. पहिला गळ्याच्या तयारीचा दोष, दुसरा हिशेबाचा. तिसरा कदाचित दोषच नसेल, शहाणपण असेल. चौथ्यात तर तबलजी सांभाळून घेतोय, म्हणजे त्याचं कौतुक लिहायला हवं.

एक खूण सांगतो. द्रुत तीनतालाच्या पुष्कळ बंदिशींचा मुखडा खालीपासून उठतो, नवव्या मात्रेपासून. समेपर्यंत आठ मात्रा मिळतात. तान लांबली की या आठांतल्या दोनतीन खाल्ल्या जातात, मग गायक मुखड्याचे पहिले शब्द गिळतो आणि उरलेले घेऊन सम गाठतो. सम बरोबर आली म्हणून मंडपातले लोक 'वा' म्हणतात. पण शब्द गेले ते गेलेच. हे तुम्ही ऐकलं असेल तर 'मुखड्याचे पहिले शब्द दोनदा गिळले गेले' एवढंच लिहा. वाचकाला गाणं ऐकवायची गरज नाही, तुम्ही कशावर बोट ठेवलंत ते त्याला कळतं. पुरावा म्हणजे एवढंच.

आणि हातात घड्याळ होतं का? विलंबितात समेपासून समेपर्यंत किती सेकंद लागले ते सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा मोजायचं. १६ मात्रांना २४ सेकंद म्हणजे मिनिटाला ४० मात्रा. तेच आवर्तन १६ सेकंदांत आलं तर ६०. 'लय वाढत गेली' हे सगळेच लिहितात. दीडपट वाढली हे लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप सुचतं: कोणी वाढवली, आणि का?

शुद्धनिषाद
तिरकिटदादा, सेकंद मोजत बसलं तर गाणं कधी ऐकायचं? बाकी देशकाराचं एवढं अवघड नाही. भूप आणि देशकार दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. गायिका धैवतावर थांबली, देशकार झाला. धागाकर्तीनं 'ती धैवतावर थांबली' लिहावं, पुरावा झाला. विषय संपला.

तिरकिट
दोन आवर्तनं मोजायची म्हटलं. अख्खी मैफल मोजा असं कुठे म्हटलं?

आजीची_तालीम
शुद्धनिषाद, अर्धं बरोबर आहे आणि तोच धोका आहे. भूपाचा संवादी धैवत आहे. संवादीवर थांबायला बंदी असती तर मग त्याला संवादी का म्हटलं? भूप गाणारा प्रत्येक जण धैवतावर थांबतो, मंद्रात तर हमखास. तुमच्या नियमानं सगळ्यांचाच देशकार होईल.

माझी आजी शिकवायची तेव्हा धैवत लावायला सांगायची नाही, 'धैवतावरून घरी कसा येतोस ते दाखव' म्हणायची. भुपात धैवतावर गेलेला माणूस पंचमावरून गंधाराकडे उतरतो, तिथे बसतो, मग रिषभ, षड्ज. घर खाली आहे. देशकारात घर वर आहे. पंचम, धैवत, तार षड्ज याच टापूत वावर, धैवत ठसठशीत, आणि रिषभ इतका दुबळा की चढताना बऱ्याचदा गाळतात. म्हणूनच एक संध्याकाळी उशिरा गायचा आणि दुसरा सकाळचा, एकाला कल्याण थाटात घालतात आणि दुसऱ्याला बिलावलात, स्वर सारखे असूनही.

तेव्हा पुरावा एका स्वराचा चालणार नाही. तीन गोष्टी लागतील. धैवतावर ती किती वेळा आणि किती रेंगाळली, तिथे कुठून आली, आणि तिथून कुठे गेली. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कारण गायक मुद्दाम शेजारच्या रागाची सावली पाडतात, त्याला तिरोभाव म्हणतात, आणि पुढच्याच वाक्यात मूळ राग लख्ख दाखवून परत आणतात. गंधाराला ठासून, रिषभ पूर्ण घेऊन ती खाली आली असेल तर तुम्ही ज्याला रागाची शुद्धता भंगणं म्हणताय ती कदाचित त्या संध्याकाळची सगळ्यात हुशार जागा असेल. तसं काही न करता ती वरच घुटमळत राहिली असेल तर तुमचा आक्षेप टिकतो.

दुधपोहे
म्हणजे धागाकर्तीनं शाबासकीच्या जागी तांबडी शाई मारली असू शकते. कितें गो हें!

मांडवीकाठची
पोटात गोळा आला. वही काढून बघितली. अंधारात लिहिलेलं अक्षर, त्या पानावर असं आहे: "ध वर थांबली. परत. परत!! तार सा. देशकार?? सम." उद्गारचिन्हं आहेत, प्रश्नचिन्हं आहेत. तार सा आणि सम यांच्यामध्ये काय झालं ते नाही लिहिलेलं. मला वाटतं 'देशकार' हा शब्द सुचल्याच्या आनंदात मी पुढची दहा सेकंदं ऐकलीच नाहीत.

मुखड्याचं मात्र आहे! द्रुतच्या पानावर "शब्द खाल्ले" दोनदा, आणि बाजूला "तबलजी हसला".

तिरकिट
'तबलजी हसला' हे लिहू नका. आम्ही कशालाही हसतो. समोर वहिनी बसली असेल.

कुंकळ्ळीचा_भाट
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. गोव्यानं केसरबाई दिल्या, मोगूबाई दिल्या. त्यांनी वर्षानुवर्षं गुरूच्या दारात काढली. आज एखादी पोर देवासमोर बसून दीड तास गाते आणि आपण वही घेऊन शब्द कुठे गिळले ते मोजतो. उत्सवातलं गाणं ही सेवा आहे, परीक्षा नव्हे. चांगलं वाटलं ते लिहा, नाही वाटलं ते सोडून द्या.

आजीची_तालीम
काका, मान ठेवून सांगते. 'बहारदार' लिहिल्यानं त्या मुलीचा काय सन्मान झाला? तेच विशेषण तिच्या आधीच्याला मिळालं, नंतरच्यालाही मिळेल. धैवतावरून ती कशी उतरली हे कोणी नीट ऐकून लिहिलं तर तिला कळेल की मंडपात एक तरी माणूस जागा होता.

कुंकळ्ळीचा_भाट
जागं असणं वेगळं आणि पोलिसी करणं वेगळं. माझं मत बदललेलं नाही. पण 'देवासमोर' हे तरी त्या लेखात यावं. उत्सवाच्या सभामंडपात गाणं आणि पणजीला कला अकादमीत गाणं हे सारखं नसतं. मंडपात मुलं पळतात, मधेच घंटा वाजते, प्रसादाची रांग लागते. हे ज्या समीक्षेत नाही ती अपुरी.

तिरकिट
हे मात्र शंभर टक्के. आणि ही नुसती वातावरणनिर्मिती नाही. घंटा वाजली तेव्हा गायिकेनं काय केलं? थांबली, आवाज चढवला, की चालू ठेवलं? असं वर्णन पुढच्या निवाड्याला टेकू देतं. नाहीतर पहिले दोन परिच्छेद समया आणि झेंडूत जातात.

सांगेकर
धागा आताच वाचला. तारीख दिलेली नाही, पण वर्णनावरून वाटतंय मी त्याच मैफलीला होतो. डावीकडे खांबाला टेकून. भूपाच्या मध्यावर माइक शिटी मारत होता, आठवतं का? गायिका वर गेली की कुंई व्हायचं. ध्वनिवाला धावत आला, तिनं हातानं 'कमी कर' अशी खूण केली आणि तोवर ती एकाच जागी रेंगाळली. मला तर वाटलं ती शिटी थांबायची वाट बघतेय. तुमचा देशकार तो हाच की काय?

दुधपोहे
राग देशकार, थाट बिलावल, वादी माइक.

मांडवीकाठची
सांगेकर, तीच मैफल! शिटी आठवतेय, पण माझ्या आठवणीत ती नाट्यगीताच्या वेळी होती. वहीत शिटीचा उल्लेख कुठेच नाही.

सांगेकर
नाट्यगीताच्या वेळी मी चहाला गेलो होतो, म्हणून मला खात्री आहे की भूपातच.

शुद्धनिषाद
किंवा चहाच्या टपरीवर कुकरची शिटी.

आजीची_तालीम
दोघांच्या आठवणी जुळत नाहीत आणि वहीत काही नाही. मग हा मुद्दा लेखात वापरताच येत नाही, ना तिच्या बाजूनं ना विरुद्ध. पण धडा घ्यायचा तो असा की ध्वनियंत्रणेचं वेगळं पान ठेवावं. तानपुरे ऐकू येतात का, पेटी गळ्यावर चढतेय का, तुम्ही कुठे बसलात. खांबाच्या मागे बसून 'आवाजात गाज नाही' लिहिणारे मी पाहिलेत. गाज होती, मधे खांब होता.

पारिजात_म्हापसा
मी समीक्षा वगैरे लिहीत नाही, पण गेल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या गायन स्पर्धेला परीक्षक होते. भूप कोणी गायला की माझ्या कानात किशोरीताईंचा भूप सुरू व्हायचा आणि समोरचं मूल बिचारं फिकं पडायचं. शेवटी सगळ्यांना कमी गुण दिले आणि पालकांनी घरी येऊन भांडण केलं. तर तुलना करावी की नाही?

तिरकिट
करावी, पण ज्याची करताय ते त्याच वजनाचं हवं. ध्वनिमुद्रिका शांत खोलीत केलेली असते, आवडली नाही तर पुन्हा घेतात. मंडपातल्या तिसाव्या मिनिटाला ती फूटपट्टी लावणं अन्याय आहे. त्यापेक्षा तिची तिच्याशीच करा. विलंबितात शब्द जपणारी गायिका द्रुतमध्ये शब्द गिळते, ही तुलना कोणी नाकारू शकत नाही, कारण दोन्ही बाजू त्याच संध्याकाळच्या आहेत.

पारिजात_म्हापसा
आणि पालकांचं काय करू?

तिरकिट
त्यांना द्रुत गायला सांगा.

मांडवीकाठची
दोन दिवस खपून तोच परिच्छेद पुन्हा लिहिलाय. सेकंद मी मोजले नव्हते, तेव्हा ते घातले नाहीत. 'आश्वासक' कशामुळे वाटलं ते आठवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी वहीत सापडलं, "ग ला यायला घाई नाही".

"भूपाच्या विलंबित तीनतालात पहिली काही आवर्तनं गायिका मंद्र धैवत आणि षड्ज यांच्या आसपासच राहिली. गंधार दिसायचा तो फक्त मुखड्यात. गंधाराला थांबवून ठेवण्याचा हा संयम मला आवडला, कारण तो शेवटी विस्तारात आला तेव्हा शेजारच्या आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला, आणि मीही लिहायची थांबले. मध्यावर ती मध्य सप्तकातल्या धैवतावर लागोपाठ तीनदा थांबली आणि तिथून तार षड्जाकडे गेली. मला त्या क्षणी देशकाराची आठवण झाली. ही सावली तिनं मुद्दाम पाडली की ती वाहवली, हे ठरवायला त्यानंतरचं उतरणं ऐकावं लागतं, आणि मी ते पुरेशा सावधपणे ऐकलं नाही. द्रुत बंदिशीबद्दल मात्र मला शंका नाही. विलंबितात एकेक अक्षर मोकळं ठेवणाऱ्या याच गायिकेनं इथे लांब तानांनंतर दोनदा मुखड्याचे पहिले शब्द गिळले. सम प्रत्येक वेळी मिळाली आणि मंडपानं दाद दिली. मला ते शब्द हवे होते."

दुधपोहे
शेवटचं वाक्य झकास. मंत्रमुग्ध झालो.

आजीची_तालीम
खूपच बरं. एक शंका. 'सावधपणे ऐकलं नाही' ही कबुली प्रामाणिक आहे, पण वाचक म्हणेल की ठरवता येत नाही तर सांगता कशाला? मी ते वाक्य काढून 'देशकाराची आठवण झाली' एवढ्यावर थांबले असते.

तिरकिट
मी उलट म्हणतो. ठेवा. तिथे धैवत तीनदा आला हे तुम्ही ऐकलंय, ती तुमची नोंद आहे. अर्थ लागला नाही, तेही सांगितलंत. उद्या गायिकेनं वाचलं तर तिला कळेल कुठल्या जागेबद्दल बोलताय. फक्त तुमच्या चुकीवर एकच वाक्य असू दे, दुसरं झालं की वाचकाला गाण्यापेक्षा तुमची दया येते.

माझी शंका दुसरी आहे. आजोबांचा पेला. म्हणजे पुन्हा रसिकच ना?

मांडवीकाठची
दादा, पेला मी डोळ्यांनी पाहिला. 'रसिक मंत्रमुग्ध' मी पाहिले नव्हते.

तिरकिट
हरलो. ठेवा पेला. पण गिळलेल्या शब्दांबाबत एक. काही गायक विविधता म्हणून मुद्दाम अर्धाच मुखडा घेतात. तसं नव्हतं कशावरून?

मांडवीकाठची
दोन्ही वेळा तानेच्या शेवटी श्वास संपलेला ऐकू आला, आणि आखूड तानांनंतर मुखडा पूर्ण आला. वहीत "दम" असं लिहिलंय. घालू?

तिरकिट
मग घालाच! सगळ्यात पक्का पुरावा तोच, आणि नेमका तो बाहेर ठेवलात.

शुद्धनिषाद
मला अजूनही वाटतं देशकारच होता.

सांगेकर
मला अजूनही वाटतं माइकच होता. ध्वनिवाला आमच्या गावचा आहे, चतुर्थीला भेटला की विचारतो.

कुंकळ्ळीचा_भाट
घंटेचं आणि प्रसादाच्या रांगेचं काहीच आलं नाही त्यात.

मांडवीकाठची
भाटकाका, ते आधीच्या परिच्छेदात आहे. घंटा वाजली तेव्हा ती षड्जावर थांबून राहिली, घंटा विरल्यावर पुढे गेली. तुम्ही सांगितलं नसतं तर ते लिहायचं राहून गेलं असतं. देव बरें करूं.

समितीवाला
सगळं वाचलं, पुष्कळ शिकायला मिळालं. यंदाच्या बातमीत 'बहारदार' काढून 'गंधाराला यायला घाई केली नाही' असं टाकू का? गायक कोण येणार ते अजून ठरायचंय.